धुळवडीला दिवसभर माणसं येतात तेव्हा: सरबतं, तळण आणि गोडाचा मेळ

सहा वर्षांपूर्वी धुळवडीच्या दिवशी सकाळी आठ वाजता मी सहा नारळांची सोलकढी एकाच पातेल्यात करून ठेवली. कोकमाचं आगळ, मिरची, लसूण, कोथिंबीर सगळं घातलं. चव सुरेख आली होती. साडेअकराला नणंदेचं कुटुंब आलं म्हणून झाकण उघडलं, तर वर पांढरे गठ्ठे तरंगत होते आणि खाली लालसर पाणी. सासूबाईंनी डाव फिरवून पाहिला, वास घेतला आणि म्हणाल्या, "कढी फुटली गो. आता झाडांना घाल." झाडांनाही घातली नाही, कारण तिच्यात मीठ होतं.

आमचं घर गोव्यात, फोंडा तालुक्यात, रस्त्याला लागून. होळीच्या रात्री गावच्या मांडावर होळी उभी राहते आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून लोक रंगाचे हात घेऊन पायऱ्या चढतात. आधी वाड्यातली मुलं, मग शेजारी, मग मडगाव-पणजीचे नातेवाईक आणि संध्याकाळी ढोल-ताशे वाजवत मेळ. पंगत एकदा वाढली की संपते, इथे मात्र दिवसभर थोड्या थोड्या वेळाने तीन-चारजण येतात. त्यामुळे पदार्थ किती करायचे यापेक्षा कुठला पदार्थ किती वेळ टिकतो, हे मला आधी ठरवावं लागतं. सगळा मेन्यू मी त्यावरच बसवते.

हिशेब सोपा ठेवला आहे. पेय अर्कासारखं घट्ट करून ठेवायचं आणि येणाऱ्याच्या ग्लासात पाणी घालून द्यायचं. तळणाचं सारण तयार ठेवायचं आणि एका वेळी एकच घाणा काढायचा. गोड असं निवडायचं की आदल्या दिवशी करता येईल आणि हवेत पाझरणार नाही. आमची हवा इथे खरी अडचण आहे. मार्चमध्ये दुपारी पारा बत्तीसच्या पुढे जातो आणि दमटपणा इतका, की उघड्या ताटलीतली शेव तासाभरात वाकते. ज्यांचं माहेर देशावर आहे त्यांना हे पहिल्या वर्षी कळत नाही, मलाही कळलं नव्हतं.

किती जणांसाठी धरायचं

गेल्या वर्षीचा आमचा हिशेब सांगते, तो अंदाजाला उपयोगी पडेल. माणसं पंचेचाळीसच्या आसपास, त्यांतली बारा जेवायला थांबणारी. प्रत्येकी दीडशे मिलिलिटरचे दोन ग्लास, तळणाचे दोन-तीन नग आणि गोडाचे दोन छोटे तुकडे धरले. ग्लास मुद्दाम लहान घेतले. मोठ्या ग्लासात लोक अर्धं टाकून जातात, लहान ग्लास संपवून दुसरा मागतात.

म्हणजे जवळजवळ नव्वद ग्लास पेय लागणार. त्यातलं कोकम तीस, पन्हं पस्तीस आणि ताक वीस. राहिलेल्यांना साधं माठातलं पाणी पुरतं. काहीजण तेवढंच मागतात, कारण ते त्या दिवशीच्या पाचव्या घरी आलेले असतात. सोलकढी आता मी फक्त जेवणाऱ्या बाराजणांसाठीच करते.

पेयं: पातेलं भरून नाही, बाटली भरून

कोकमापासून सुरुवात करते, कारण ते चार दिवस आधी करून ठेवता येतं. मार्चमध्ये ताजी भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, मिळत नाहीत, ती उन्हाळा तापल्यावर येतात. म्हणून आपल्याकडे असतात ती गेल्या वर्षीची वाळवलेली सोलां. पाव किलो सोलां धुऊन लिटरभर कोमट पाण्यात चार तास भिजवायची. मग त्याच पाण्यात हाताने चांगली कुस्करायची आणि फडक्यातून पिळून घ्यायची. त्या रसात किलोभर साखर घालून मंद आचेवर विरघळेपर्यंत ढवळायची. एक उकळी आली की बंद. गार झाल्यावर भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि थोडं सैंधव. हे काचेच्या बाटलीत फ्रिजमध्ये आठवडाभर बिनधास्त राहतं. एका ग्लासाला तीन मोठे चमचे लागतात, म्हणजे पाव किलोत तीसेक ग्लास निघतात.

यात दोन ठिकाणी चूक होते. काही दुकानांतली सोलां खारवलेली असतात. भिजवण्याआधी एक चावून पाहा. जीभ खारट झाली तर वरून मीठ घालू नका. दुसरी चूक भांड्याची. आंबट रस ॲल्युमिनियम, तांबं किंवा कल्हई गेलेल्या पितळेत शिजवला की भांड्याचा धातू रसात उतरतो आणि चव बिघडते. त्यासाठी स्टीलच बरं.

पन्ह्यासाठी आमच्या परसातली तोरं, म्हणजे कोवळ्या कैऱ्या, मिळाल्या तर मिळाल्या, नाहीतर बाजारातून दीड किलो आणते. कुकरमध्ये दोन शिट्ट्या, गार करून साल काढायची आणि कोय पिळून गर वेगळा करायचा. एक किलो कैरीतून साधारण अर्धा किलोच्या वर गर निघतो. कोय मोठी असेल तर कमी. गराच्या दीडपट गूळ घालते आणि आंबटपणा पाहून थोडा वाढवते. वेलदोडा, चिमूटभर मीठ, असलं तर केशर. गूळ साधा उसाचा घ्यावा. आमच्याकडे मिळणारा काळसर माडाचा गूळ मला जिवापाड आवडतो, पण तो पन्ह्यात घातला की रंग चहासारखा होतो आणि खरपूस वास कैरीला दाबून टाकतो. दोन मोठे चमचे गर, वर गार पाणी, की एक ग्लास तयार. गर आदल्या रात्री करून फ्रिजमध्ये ठेवते.

ताकाचं गणित याच्या उलट आहे, कारण ते साठवता येत नाही. लिटरभर दही आणि दोन लिटर पाणी यात वीस ग्लास होतात. मी मात्र एकदम घुसळत नाही. दही फ्रिजमध्ये असतं. सकाळी दहाला अर्धं घुसळते आणि उरलेलं दुपारी. आलं-मिरची वाटून वेगळी ठेवते, कारण येणाऱ्यांत मुलं असतात आणि तिखट ताक पाहिलं की ती रडतात.

सोलकढीबद्दल मी शिकले ते असं. नारळाच्या दुधातलं तेल आपोआप वर येतं, आणि आगळाचा आंबटपणा त्यातली प्रथिनं गोठवतो. उष्णतेत हे दोन्ही झपाट्याने होतं. म्हणून एकीकडे दूध, दुसरीकडे आगळ आणि वाढायच्या अर्धा तास आधी भेट. बाराजणांना तीन मध्यम नारळ पुरतात. नारळ वाटताना कोमट पाणी घातलं असेल तर दूध पूर्ण गार झाल्यावरच आगळ घाला. कोमट दुधात घातलं की तिथेच फुटायला सुरुवात होते. फ्रिजमध्ये दूध ठेवलं की वर थर जमतो. तो खराब झालेला नाही, ढवळला की विरतो. फुटलेलं ओळखायचं असेल तर ढवळूनही बारीक दाणे चमच्याला चिकटून राहतात ते पाहा.

काजूच्या मोसमात नीरो मिळतो तेव्हा शेजारी अर्धी बादली आणून देतात. काजूच्या बोंडांचा तो ताजा रस त्या सकाळीच संपवायचा. कडेने बारीक फेस आला आणि नाकाला आंबूस झणका लागला, की तो आंबायला लागला. मग मुलांच्या हाती तो देऊ नये. उराकाचा, म्हणजे काजूच्या दारूचा, विषय मी घरात काढत नाही, ज्यांना हवा ते आपली सोय करूनच येतात.

बर्फाचं एक बोलून घेते. मासळी बाजारातल्या लाद्या पिण्यासाठी नसतात, त्या वेगळ्या पाण्याच्या असतात. चार दिवस आधीपासून मी रोज रात्री पिण्याचं पाणी चौकोनी डब्यांत गोठवते आणि सुटे तुकडे पिशवीत जमवते. पाच-सहा किलो पुरतो. अर्क गार असेल तर बर्फ थोडाच लागतो.

तळण: एका वेळी एकच कढई

मी दिवसाला दोनच तळण ठेवते: सकाळी बटाटावडा आणि संध्याकाळी चहाबरोबर कांदाभजी. तिसरं करायचा मोह दरवर्षी होतो, मी आवरते. या दोन्हींच्या मधल्या वेळेसाठी घरची शेव आणि शंकरपाळे घट्ट झाकणाच्या डब्यात असतात. ते तीन दिवस आधी करून ठेवलेले. शंकरपाळे कोमट असताना डबा लावला तर आतल्या वाफेने ते मऊ पडतात. रात्रभर परातीत फडक्याखाली राहू द्या आणि सकाळी भरा.

दोन किलो बटाट्यात चाळीस वडे होतात. बटाटे सालासकट उकडायचे आणि शिजल्याबरोबर पाणी ओतून टाकायचं. गरम पाण्यात पडून राहिलेला बटाटा पाणी पितो, आणि असल्या सारणाचा वडा तेलात फुटतो. फुटण्याचं दुसरं कारण गरम सारण. आत वाफ दाबली की ती कुठून तरी वाट काढते. म्हणून फोडणी देऊन सारण पसरट ताटात पूर्ण गार करते, गोळे वळते आणि फ्रिजमध्ये ठेवते. तळायच्या वीस मिनिटं आधी फक्त एका घाण्याचे गोळे बाहेर काढते. फ्रिजमधला थेट तळला तर बाहेरून लाल आणि आतून थंड राहतो. उलट सगळे गोळे सकाळपासून ओट्यावर ठेवायचे नाहीत. शिजवलेला बटाटा दोन तासांच्या वर बाहेर राहू नये. पारा बत्तीसच्या पुढे गेला की एक तासही खूप झाला.

पीठ मी सहाशे ग्रॅम बेसनाचं दोन भागांत भिजवते. अर्धं सकाळी आणि अर्धं अकराला. त्यात दोन चमचे तांदळाचं पीठ, हळद, मीठ आणि चमचाभर कडकडीत तेलाचं मोहन. सोड्याची चिमूट पुरते. जास्त घातला की वडा फुगतो, पण सच्छिद्र झाल्यामुळे तेल पितो आणि हात तेलकट होतात. पीठ इतकं दाट असावं की गोळा बुडवून वर काढल्यावर खालचा थेंब सावकाश पडला पाहिजे.

तेल दीड लिटर घेते. तापलं का हे पाहायला पिठाचा एक थेंब टाकायचा. तो तळाला जाऊन लगेच वर आला तर बरोबर. वर यायला वेळ लावला तर अजून गार आहे, आणि न बुडता पृष्ठभागावरच काळवंडला तर फार तापलंय. थर्मामीटर असेल त्यांच्यासाठी १७० ते १८० अंश. एका घाण्याला सहा-सात वडे. दहा टाकले की तेल गार पडतं आणि वडे तेल शोषत बसतात. मोठे बुडबुडे कमी झाले, आवाज मंदावला, की काढायचे. दर घाण्यानंतर झाऱ्याने कढईतले पिठाचे कण उचलून टाका. ते जळले की पुढच्या वड्यांवर काळे ठिपके येतात आणि तेल लवकर खराब होतं.

माझ्या जावेने एकदा विचारलं, "वहिनी, सगळे एकदम तळून गरम डब्यात ठेवले तर? तुम्ही सतत कढईपाशी उभ्या." मी एका वर्षी करून पाहिलं होतं. अर्ध्या तासात आवरण वाफेने मऊ झालं आणि वडा चुरगळला. तळलेल्या पदार्थाचा शत्रू झाकण. जाळीवर उघडे ठेवले तर दहा-पंधरा मिनिटं कुरकुरीत राहतात. तेवढ्या वेळात दुसरा घाणा निघतोच.

कांदाभजीत लोक एकच चूक पुन्हा पुन्हा करतात. किलोभर कांदा चिरून, मीठ-बेसन घालून मोठं परातभर मिश्रण तयार ठेवतात. मीठ लागलं की कांदा पाणी सोडतच राहतो. वीस मिनिटांत मिश्रण पातळ होतं, मग वर बेसन घातलं जातं आणि भजी दगड होतात. मी कांदा दुपारी चिरून कोरडाच झाकून ठेवते. माणसं दिसली की त्यांच्यापुरता पाव किलो कांदा घेऊन मीठ चोळते आणि दहा मिनिटं थांबते. मग सुटलेल्या पाण्यात मावेल तेवढंच बेसन, साधारण शंभर ग्रॅम, ओवा आणि तिखट. वरून पाणी घालत नाही. हाताने उचललं की घोस सुटा पडला पाहिजे, चिखलासारखा नको. पाव किलोत आठजणांचा एक घाणा होतो. संध्याकाळी असे चार घाणे निघतात. बाजूला उंडे, म्हणजे आमचे गोल पाव, ठेवले तर आमच्याकडचे लोक भजी-पाव करून खातात, त्यांना चटणीही लागत नाही.

सकाळचं तेल गार करून गाळते आणि तेच संध्याकाळी वापरते. नेहमीपेक्षा लवकर धूर यायला लागला, वर फेस राहिला किंवा तेल दाट होऊन वास बदलला, की ते संपलं असं धरते. वापरलेलं तेल मोरीत ओतू नका, बाटलीत भरून फेका.

आणखी एक गोष्ट, आमच्या घरी थोडक्यात टळलेली. वाड्यातली मुलं पिचकारी घेऊन स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून धावत आली आणि पाण्याचा एक फवारा कढईच्या हातभर अंतरावर पडला. गरम तेलात पाणी गेलं तर तेल उसळून अंगावर येतं. तेव्हापासून तळण्याच्या वेळी मागचं दार बंद असतं. तेलाला आग लागलीच तर गॅस बंद करायचा आणि कढईवर मोठं झाकण सरकवायचं. पाणी कधीच ओतायचं नाही.

गोड: कोरडं आधी, ओलं जेवायलाच

होळीच्या नैवेद्याला पुरणपोळी होतेच, मग तीच दुसऱ्या दिवसाला पुरवते. पाऊण किलो हरभराडाळीच्या पंचवीस पोळ्या होतात. दोन तास भिजवून डाळ शिजवली, पाणी निथळून कटाच्या आमटीला ठेवलं, आणि जवळजवळ तेवढाच गूळ घातला. इथे घाई नको. पुरण आटवताना मधोमध उभा केलेला चमचा कोसळला नाही, तर झालं. तो हळूहळू कलंडत असेल तर अजून ओल आहे. ओलं पुरण लाटताना पोळी फोडतं, आणि या हवेत दुसऱ्या दिवशी आंबतं. गरम असतानाच पुरणयंत्रातून काढा, थंड झालं की हात दुखतात. पोळ्या भाजल्यावर एकावर एक रचू नका. कापडावर सुट्या गार करा आणि मगच डब्यात. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्या बाहेर चालतात, पुढे फ्रिजमध्ये.

वाढताना पोळीचे चार तुकडे करते आणि वर तुपाचा थेंब. पंचवीस पोळ्यांचे शंभर तुकडे होतात. त्यातले बारा पोळ्यांचे जेवणाला जातात, राहिलेले पन्नासेक येणाऱ्यांना पुरतात. अख्खी पोळी समोर ठेवली की "पोट भरलंय" म्हणणारा पाहुणा तुकडा मात्र उचलतो.

दुसरं गोड बेसनाचे लाडू. ते आठवडाआधी झाले तरी चालतं आणि त्यांना हवेचं वावडं नाही. छोटे वळते. करंज्या करायच्या असतील तर सारणाचं खोबरं सुकं घ्यावं आणि मंद भाजावं. ओल्या नारळाच्या करंज्या चवीला सरस, पण त्या एका दिवसाच्या पाहुण्या असतात, दुसऱ्या दिवशी आतून आंबूस वास येतो.

मणगणं, म्हणजे हरभराडाळ, साबुदाणा, गूळ आणि नारळाच्या दुधाची खीर, मी फक्त जेवणाऱ्यांना करते. त्यात नारळाचं दूध आहे, म्हणजे सोलकढीचं संकट इथेही. दूध अगदी शेवटी घालायचं आणि आच बंद करायची. जोरात उकळलं की फुटतं.

दिवस कसा जातो

चार दिवस आधी कोकमाची बाटली आणि बर्फ. तीन दिवस आधी शेव, शंकरपाळे, लाडू. होळीच्या दिवशी सकाळी पुरणपोळ्या, रात्री मांडावर जाण्याआधी पन्ह्याचा गर. रात्री दही लावते आणि बटाटे धुऊन ठेवते.

धुळवडीला सहाला उठून बटाटे उकडते. साडेसातपर्यंत सारण गार, साडेआठला गोळे फ्रिजमध्ये. दरवाज्याशी बादली, साबण आणि जुने पंचे असतात. तिथेच एक मेज लावते. त्यावर बाटल्या, माठ, बर्फाचा डबा आणि शेवेचा घट्ट झाकणाचा डबा. हे मेज माझा भाचा सांभाळतो आणि पेयात पाणी तोच घालतो. रंगाचे हात असलेल्यांना वडा कोऱ्या कागदात गुंडाळून द्यावा, म्हणजे रंग पोटात जात नाही. वर्तमानपत्र नको, तेल लागलं की त्याची शाई पदार्थाला चिकटते.

साडेनऊपासून मुलं. त्यांना पन्हं आणि लाडू, वडा फार खात नाहीत. दहा ते बारा शेजारी, या दोन तासांत वड्यांचे चार घाणे होतात. आमच्या पलीकडचे ख्रिस्ती शेजारी न चुकता याच वेळी येतात. त्यांना पुरणपोळीपेक्षा कोकम आवडतं, बाटली मागून नेतात. बाराच्या पुढे नातेवाईक, त्यांच्यासाठी सोलकढी, कटाची आमटी, भात, भाजी. मधुमेही आत्यासाठी ताक आणि वडा वेगळा. कोकमाच्या सरबतात साखर भरपूर असते, हे त्यांना आधी सांगते.

तीन ते साडेचार कोणी नसतं. हा वेळ झोपायचा नाही, कांदा चिरायचा आणि तेल गाळायचं. गेल्या वर्षी मी या वेळेत पडले आणि पाचला उठून सगळं एकदम करावं लागलं. भजीचा पहिला घाणा पाणीदार झाला, कारण घाईत परातभर मीठ लावून ठेवलं होतं. मीच वर लिहिलेली चूक मीच केली.

साडेसहाच्या सुमारास ढोल ऐकू येतो. मेळ अंगणात येतो, तुळशीसमोर दोन फेर धरतो, आणि त्यांना नारळ व दक्षिणा द्यायची असते. वीस-पंचवीस माणसं एकदम येतात, वाजवून घामाघूम झालेली. त्यांना तळण नको असतं, पाणी हवं असतं. पन्ह्याचा निम्मा गर मी त्यांच्यासाठी राखते आणि एका मोठ्या पातेल्यात एकदम कालवते. दिवसभरात पातेलं भरून केलेलं पेय तेवढंच. पाच मिनिटांत ते रिकामं होतं, फुटायला किंवा आंबायला वेळच मिळत नाही.

उरलेले वड्याचे गोळे फ्रिजमध्ये असतात. दुसऱ्या दिवशी रव्यात घोळवून तव्यावर कटलेटसारखे भाजले की मुलांचा डबा होतो. कोकम उरलं तर बाटलीत तसंच, रंगपंचमीपर्यंत पुरतं. ताक उरलं तर त्याची कढी करते.